स्वतःलाच माल विकून झालेला नफा

सोलापुरात चादरींचा धंदा करणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याने पुण्यात दुकान उघडले, की त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पहाऱ्याचा. दुकान दुसऱ्या गावात, गल्ल्यावर पगारी व्यवस्थापक, आणि मालक आठवड्यातून एखादी चक्कर मारणार. माल किती गेला, किती विकला, किती उरला हे त्याला सोलापुरात बसून कळायला हवे. शिवाय चादर आपल्याला नेमकी कितीला पडते, हे व्यवस्थापकाला कळू नये, असेही बऱ्याच मालकांना वाटते. त्याचे कारण उघड आहे. आज पगारावर असलेला माणूस उद्या समोरच्या गाळ्यात स्वतःचे दुकान थाटू शकतो.

यावर जुना आणि आजही चालणारा तोडगा म्हणजे शाखेला माल खरेदी किमतीने न पाठवता त्यावर ठरावीक नफा चढवून पाठवणे. आपल्या व्यापाऱ्याला चादर ४०० रुपयांना पडते. शाखेच्या कागदावर तो ती ५०० रुपयांना लावतो आणि व्यवस्थापकाला सांगतो, विक्रीही याच भावाने करायची. या ५०० ला बीजक किंमत म्हणतात आणि वर चढवलेल्या १०० रुपयांना हिशेबनीस मंडळी सरळ ‘लोडिंग’ म्हणतात.

आता वर्षभराचा हिशेब पाहू. १ एप्रिलला पुण्याच्या दुकानात २०० चादरी होत्या. वर्षात सोलापूरहून १,२०० आल्या. रंग पसंत न पडल्याने ४० परत गेल्या. विकल्या गेल्या १,१००. म्हणजे ३१ मार्चला दुकानात २६० चादरी असायला हव्यात. सोलापूरच्या वह्यांत हे सगळे चादरींच्या संख्येत नव्हे, तर रुपयांत दिसते, कारण खऱ्या दुकानात एकट्या चादरी नसतात. टॉवेल, सतरंज्या, पडदे असा पन्नास तऱ्हेचा माल असतो. शाखा साठा खात्याला १,००,००० रुपयांचा आरंभीचा साठा आणि पाठवलेला ६,००,००० रुपयांचा माल नावे पडतो. परत आलेले २०,००० आणि विक्रीचे ५,५०,००० जमा होतात. शिल्लक उरते १,३०,००० रुपये.

या खात्याची खुबी अशी की आत येणारा माल आणि बाहेर जाणारी विक्री, दोन्ही एकाच भावाने मोजली जातात. त्यामुळे उरलेला आकडा नफा दाखवत नाही, तर फळीवर किती माल असायला हवा हे दाखवतो. ३१ मार्चला मालकाचा माणूस पुण्यात जाऊन मोजणी करतो आणि त्याला १,२५,००० रुपयांचा माल, म्हणजे २५० चादरी, सापडतात. दहा चादरींची तूट आहे, हे सांगायला त्याला वर्षभराची बिले चाळावी लागत नाहीत. हाच माल खरेदी किमतीने पाठवला असता, तर विक्रीतला नफा आणि मालातली तूट एकाच शिलकीत मिसळली असती आणि तूट नफ्याआड लपली असती.

या सोयीची किंमत वर्षाच्या शेवटी मोजावी लागते. दुकानात पडून असलेल्या २५० चादरी वहीत १,२५,००० रुपयांच्या दिसतात, पण मालकाने त्यांच्यासाठी मोजलेत फक्त १,००,०००. मधले २५,००० रुपये कोणत्याही गिऱ्हाइकाने दिलेले नाहीत. सोलापूरच्या गोदामातून पुण्याच्या फळीवर माल नेल्याने कोणी श्रीमंत होत नाही. मालक एकच आहे. तरी साठा १,२५,००० ला तसाच धरला, तर तेवढा न झालेला नफा नफा-तोटा पत्रकात शिरतो.

तो काढून टाकण्याचे साधन म्हणजे साठा राखीव. सारा खेळ शाखा समायोजन खात्यात होतो. गेल्या वर्षीच्या शिल्लक मालावर बाजूला ठेवलेले २०,००० रुपये यंदा या खात्याला जमा करतात, कारण तो माल आता विकला गेला आहे आणि त्यातला नफा यंदा खरा झाला आहे. यंदा पाठवलेल्या मालावरचे लोडिंग १,२०,००० जमा होते आणि परत आलेल्या मालावरचे ४,००० वजा जातात. बेरीज झाली १,३६,०००. यातून तुटीच्या दहा चादरींवरचे १,००० रुपये काढायचे, कारण न विकलेल्या चादरीवर नफा कसला? आणि शेवटी २५,००० रुपये साठा राखीव खात्यात सरकवायचे. उरतात १,१०,००० रुपये, हा शाखेचा ढोबळ नफा.

पडताळा सोपा आहे. १,१०० चादरी विकल्या, प्रत्येकीवर शंभर रुपये सुटले. आकडा तोच यायला हवा आणि तोच येतो. ताळेबंदात साठा १,२५,००० दाखवून त्यातून राखीव २५,००० वजा केले जातात आणि माल पुन्हा आपल्या खऱ्या मोलावर, १,००,००० वर, येऊन बसतो.

इथे सर्वांत जास्त पाय घसरतो तो टक्केवारीत. ४०० वर १०० चढवले म्हणजे खरेदीवर २५ टक्के झाले. पण वहीत माल बीजक किमतीने असतो आणि ५०० मधले १०० म्हणजे २० टक्केच. घाईत कोणी १,२५,००० वर २५ टक्के लावले, की राखीव ३१,२५० रुपये होते आणि नफा ६,२५० रुपयांनी खाली येतो. खरेदीवर पावपट चढवले असेल, तर बीजकाचा पाचवा हिस्सा काढायचा. खरेदीवर एकतृतीयांश चढवले असेल, तर बीजकाचा चौथा. परीक्षेत दरवर्षी मुले इथे गुण गमावतात, आणि दुकानांच्या हिशेबातही ही चूक मी दुर्मिळ म्हणणार नाही. मालकाने वर्षाच्या मध्येच लोडिंग बदलले, तर तिढा वाढतो. मग शिल्लक मालातला जुन्या दराचा किती आणि नव्याचा किती, हे वेगळे काढल्याशिवाय राखीव बरोबर निघत नाही.

राखीव मुळीच ठेवले नाही तर? पहिल्या वर्षी खोटा नफा डोळ्यांत भरेल इतका मोठा असतो. दुसऱ्या वर्षापासून मात्र तो लाजाळू होतो, कारण आरंभीचा साठाही फुगलेला आणि शेवटचाही फुगलेला. चूक फक्त दोन्हींतल्या फरकाएवढी उरते. आपल्या उदाहरणात २५,००० वजा २०,०००, म्हणजे केवळ ५,००० रुपये. एवढ्याकडे कोण बघतो? पण शाखा वाढत असतील, दरवर्षी नवे दुकान आणि नव्या फळ्या भरायचा माल, तर हा फरक दरसाल वाढत जातो. धंदा खरोखर चांगला चालला आहे की फक्त फळ्या भरल्या जात आहेत, हे नफ्याच्या आकड्यावरून सांगता येईनासे होते. आणि ज्या वर्षी मालक हात आखडून साठा कमी करतो, त्या वर्षी नफा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. विक्री ठीक असूनही नफा का घसरला, याची मग उगाच चर्चा होते.

माणूस स्वतःशीच व्यवहार करून नफा कमावू शकत नाही, हे तत्त्व मुंबईच्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. सर किकाभाई प्रेमचंद हे चांदी आणि शेअरचे व्यापारी. त्यांनी धंद्यातल्या काही चांदीच्या लगडी आणि शेअर काढून विश्वस्त निधीला दिले आणि वहीत ते खरेदी किमतीनेच बाहेर काढले. बाजारभाव तोवर चढला होता, म्हणून आयकर खात्याचे म्हणणे पडले की बाजारभाव धरा आणि फरकावर कर भरा. १९५३ मध्ये न्यायालयाने बहुमताने व्यापाऱ्याच्या बाजूने कौल दिला. तो खटला शाखेचा नव्हता, पण साठा राखीव ठेवण्यामागचा विचार त्याच जातीचा आहे. कायद्याचा दुसरा हात मात्र वेगळे बघतो. दुकान पुण्याऐवजी बेळगावला असते, तर वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने कर्नाटकातली नोंदणी ही वेगळी व्यक्ती ठरते आणि मालाबरोबर कराचे बीजक लावावे लागते. तरीही राखीव ठेवायचेच. कर लागला म्हणून गिऱ्हाईक मिळाले असे होत नाही.

तुटीच्या दहा चादरींकडे परत येऊ. वहीत तूट ५,००० रुपयांची दिसते, पण मालकाच्या खिशातून गेले ४,०००. म्हणून १,००० समायोजन खात्यात आणि ४,००० नफा-तोट्यात, असे दोन तुकडे करतात. पूर्ण ५,००० तोटा लिहिला, तरी निव्वळ नफा तेवढाच निघतो. फक्त ढोबळ नफा १,११,००० दिसतो आणि विक्रीच्या नेमक्या वीस टक्क्यांशी त्याचा मेळ बसत नाही. तो मेळ बसत नसेल, तर आधी इथे शोधावे. चोरीचा विमा असेल, तर दावाही ४,००० चाच लागतो.

तूट लिहिण्याआधी रस्त्यावरचा माल विसरू नये. समजा ३० मार्चला सोलापूरहून आणखी ६० चादरींचा गठ्ठा निघाला आणि २ एप्रिलला पुण्याला पोचला. सोलापूरच्या वहीत तो गेलेला आहे, पुण्याच्या फळीवर आलेला नाही. मोजणीत मग सत्तर चादरी कमी भरतात आणि बिचाऱ्या व्यवस्थापकाला जाब विचारला जातो. गठ्ठ्याची पावती पाहिली, की तूट पुन्हा दहावर येते आणि राखीव मात्र ३१० चादरींवर, म्हणजे ३१,००० रुपये ठेवावे लागते.

या पद्धतीला न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. दिवाळीत व्यवस्थापकाने चादर ५२० ला विकली, बिल ५०० चे फाडले आणि वरचे वीस खिशात घातले, तर साठा खाते अगदी बरोबर जुळते. उलट मालकाच्याच परवानगीने सेलमध्ये ४५० ला विकली आणि सूट वेगळी नोंदवली नाही, तर प्रामाणिक माणसाच्या नावावर तूट चढते. आणि राखीव माल फक्त खरेदी किमतीवर आणून सोडते, त्याखाली नाही. शिल्लक २५० पैकी तीस चादरी उन्हाने विटल्या असतील आणि त्यांचे ३५० च येणार असतील, तर लेखा मानकानुसार प्रत्येकीमागे आणखी ५० रुपये उतरवावे लागतात. मग ताळेबंदातला साठा १,००,००० नव्हे, ९८,५०० होतो, आणि या १,५०० रुपयांचा तोटा साठा राखीव खात्यातून नव्हे, तर थेट नफा-तोट्यातून जातो.