अक्षराखालचा कागद

छापलेल्या कागदावरचे अक्षर ब्लेडने हलकेच खरवडले, तर खाली कागद सापडतो. संगणकातल्या चित्राचे तसे नाही. जेपीईजी स्वरूपातल्या जाहिरातीत तारखेचा आकडा मरून रंगात असला, तर त्या आकड्याच्या जागी फक्त मरून रंगाचे ठिपके, म्हणजे पिक्सेल असतात. त्यांच्याखाली पार्श्वभूमीचा पिवळसर रंग दडलेला नसतो. प्रत्येक ठिपक्याची एकच नोंद असते, आणि नवा रंग दिला की जुनी नोंद पुसली जाते. लेयर, सिलेक्शन आणि मास्क या तिन्ही सोयी या एका अडचणीवरची उत्तरे आहेत.

लेयर म्हणजे चित्राचा थर. काचेच्या पट्ट्या एकावर एक ठेवाव्यात, एकीवर रंग द्यावा, दुसरीवर अक्षर लिहावे आणि वरून पाहावे, तसे हे थर दिसतात. वरच्या थरात जिथे रंग आहे तिथे खालचे झाकले जाते, जिथे काही नाही तिथे खालचे दिसते. फोटोशॉप १९९० साली बाजारात आले तेव्हा त्यात लेयर नव्हते. ते १९९४च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. आज फुकट मिळणाऱ्या गिंपमध्येही ते आहेत. लेयरच्या यादीत प्रत्येक थरासमोर डोळ्याचे चिन्ह असते. त्यावर क्लिक केले की थर लपतो, पुन्हा केले की परत दिसतो.

सिलेक्शन म्हणजे कामाची हद्द. भिंत रंगवताना खिडकीच्या चौकटीला रंग लागू नये म्हणून रंगारी कडेने चिकटपट्टी लावतो, तसे सिलेक्शन ब्रशला एका भागातच राहायला लावते. पडद्यावर ही हद्द सरकत्या तुटक रेघेने दिसते. ती रेघ मात्र पूर्ण सांगत नाही. सिलेक्शनमध्ये ठिपका ‘आत’ किंवा ‘बाहेर’ एवढाच नसतो. तो अर्धवट आतही असू शकतो. कड मऊ केलेली असेल तर निवड हळूहळू विरत जाते, आणि तुटक रेघ फक्त निम्म्या निवडीच्या सीमेवरून धावते. रेघेबाहेरही रंगाचा थोडा परिणाम झालेला पाहून नवखा माणूस गोंधळतो, त्याचे कारण हेच.

मास्क म्हणजे हीच निवड, पण कायमची करून थराला जोडलेली. तो एक काळा-पांढरा पडदा असतो: पांढऱ्या जागी थर दिसतो, काळ्या जागी लपतो, करड्या जागी अर्धवट दिसतो. साध्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ अशा छटा असतात. सिलेक्शन चालू असताना मास्क जोडला तर निवडलेला भाग पांढरा होतो आणि बाकीचा काळा. सिलेक्शन चुकून दुसरीकडे क्लिक केले तरी सुटते. मास्क फाइलबरोबर साठतो. खोडरबर आणि मास्क यांत फरक आहे तो इथे. खोडरबर ठिपके नष्ट करतो, मास्क ते फक्त झाकतो. काळ्यावर पांढरा ब्रश फिरवला की झाकलेले परत येते.

आता एक जाहिरात घेऊ. गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेची ही जाहिरात व्हॉट्सअॅपवरून आलेली, जेपीईजी स्वरूपातली. तारीख ‘१२ मे’ आहे, ती ‘१९ मे’ करायची आहे. बरोबर सात दिवसांनी पुढे गेल्याने वार तोच राहतो, म्हणजे ‘२’ काढून ‘९’ बसवला की झाले. पार्श्वभूमी वरून खाली गडद होत जाणारी पिवळसर आहे, आणि मागे फिकट रंगात चाफ्याचे फूल आहे. त्याची एक पाकळी ‘२’च्या खालच्या शेपटीला घासून जाते.

फाइल उघडली की यादीत एकच थर दिसतो: `Background`. इथेच थांबून Ctrl+J दाबायचे. त्या थराची हुबेहूब प्रत वर तयार होते. तिला ‘दुरुस्ती’ असे नाव द्यावे, आणि पुढचे सगळे काम तिच्यावरच करावे. मूळ थराला हात लावायचा नाही. अक्षराखाली कागद नव्हता. आता दुरुस्तीखाली मूळ चित्र आहे.

पुढची पायरी आकडा निवडण्याची. इथे बहुतेक जण मॅजिक वाँडने थेट ‘२’वर क्लिक करतात. त्याने मरून रंगाचा गाभा निवडला जातो, पण अक्षराची कड सुटते. अक्षर गुळगुळीत दिसावे म्हणून कडेचे ठिपके मरून आणि पिवळ्याच्या मधल्या रंगांचे असतात. शिवाय जेपीईजी चित्राला ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनांत दाबून साठवते, त्यामुळे गडद अक्षराभोवती मळकट ठिपक्यांची झालर तयार होते. ही झालर निवडीबाहेर राहिली, तर आकडा पुसल्यावरही ‘२’चे फिकट भूत तिथे उभे राहते. साध्या नजरेला ते जाणवत नाही, पण ३०० टक्के मोठे करून पाहिले की लगेच ओळखू येते. उपाय असा: निवड झाल्यावर `Expand` वापरून ती ३-४ ठिपक्यांनी फुगवायची, किंवा लासोने आकड्याभोवती सैलसर वेढा घालायचा. वेढा शेजारच्या ‘१’ला लागता कामा नये.

निवडलेला भाग `Content-Aware Fill` ने भरला तर आजूबाजूच्या रंगावरून तिथे पार्श्वभूमी तयार होते. सपाट रंगावर हे छान जमते. या जाहिरातीत मात्र पाकळी आडवी येते. फोटोशॉपला पाकळी कळत नाही, त्याला फक्त शेजारचे ठिपके कळतात. त्यामुळे पाकळीचा एखादा तुकडा भलतीकडे उमटू शकतो. अशा जागी क्लोन स्टँपने हाताने काम करावे. नमुना त्याच उंचीवरून, डावी-उजवीकडून घ्यावा, कारण रंग वरून खाली गडद होत जातो. वरचा फिकट नमुना खाली लावला की डाग दिसतो.

काम झाल्यावर ‘दुरुस्ती’ थराचा मिश्रणप्रकार क्षणभर `Difference` करावा. दोन्ही थर जिथे अगदी सारखे आहेत तिथे चित्र काळे दिसते, जिथे फरक आहे तिथे उजळते. आकड्याची जागा उजळणारच. पण त्यापासून दूर एखादा ठिपका चमकला, तर ब्रश तिकडे चुकून फिरला आहे असे समजावे. समजा, पाकळीच्या टोकाकडे असा डाग सापडला. मिश्रणप्रकार पुन्हा `Normal` करून थराला पांढरा मास्क जोडायचा आणि डागाच्या जागी काळा मऊ ब्रश फिरवायचा. दुरुस्ती तेवढ्यापुरती झाकली जाते आणि मूळ पाकळी खालून वर येते, तिच्या मूळ ठिपक्यांसह. मूळ थरावरच काम केले असते तर ही तपासणी करता आली नसती, कारण तुलना करायला मूळ चित्रच उरले नसते, आणि पाकळी परत आणायलाही काही नसते.

यावर ‘अनडू आहे की’ असे म्हटले जाते. फोटोशॉप सुरुवातीच्या मांडणीत ५० पावले लक्षात ठेवते. क्लोन स्टँपचा प्रत्येक फटका एक पाऊल धरले जातो, म्हणजे पाच-दहा मिनिटांच्या बारीक कामात ही शिदोरी संपते. फाइल बंद केली की ती सगळीच जाते. अनडू उलट्या क्रमानेच मागे नेतो हेही आहेच: चाळिसाव्या पावलावर पाकळी बिघडली असेल तर त्यानंतरचे चांगले कामही सोडावे लागते.

आता ‘९’. तो वेगळ्या मजकूर-थरावर, सगळ्यांत वर टाइप करावा. रंग ‘१’च्या जाड भागाच्या मध्यातून उचलावा, कडेवरून उचलला तर फिकट येतो. नवा आकडा जुन्यापेक्षा जास्त रेखीव आणि म्हणूनच परका दिसतो. त्याला अगदी थोडा, अर्ध्या ठिपक्याच्या आसपास `Gaussian Blur` द्यावा लागतो. तसे करताना फोटोशॉप विचारते की मजकुराचे ठिपक्यांत रूपांतर करू का. ‘हो’ म्हटले की तो मजकूर राहत नाही, चित्र होते. नंतर ‘९’चा ‘८’ टाइप करून होत नाही. म्हणून इथेही आधी Ctrl+J: एक प्रत लपवून ठेवायची, दुसरीवर प्रयोग करायचा.

मूळ फाइल थरांसह मिळाली आणि मजकूर जिवंत असला तरी हाच नियम का, हे मराठीत काम करणाऱ्याला चटकन पटते. गेल्या पिढीतल्या कितीतरी डीटीपी फाइली युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत. त्या फाँटमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. असा फाँट संगणकावर नसेल तर थराचे जुने चित्र तसेच दिसत राहते. मजकूर बदलायला जाऊन फाँट बदलू दिला की अख्ख्या ओळीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी येते. मूळ थराची प्रत लपवलेली असेल तर निदान ओळ काय होती ते वाचून पुन्हा टाइप करता येते. जुन्या आवृत्त्यांत आणखी एक अपघात होतो: युनिकोड मजकुरातली पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे फुटतात. `World-Ready Layout` हा पर्याय निवडला की ते सुधारते. फाँट बदलल्याची खूण ‘ल’ आणि ‘श’मध्ये शोधावी. मराठी वळणाऐवजी हिंदी वळणाची ही अक्षरे आली असतील, तर लपवलेली प्रत शेजारी उघडून ओळ अक्षर-अक्षर ताडून पाहावी.

प्रतीची किंमत जागेत मोजावी लागते. ३०० डीपीआयचे ए-४ पान २,४८० बाय ३,५०८ ठिपक्यांचे असते, म्हणजे त्याचा एक पूर्ण थर स्मृतीत सुमारे २५ एमबी घेतो. यावर उपाय आहे: Ctrl+J दाबण्याआधी तारखेभोवती ऐसपैस चौकोन निवडावा. मग प्रत तेवढ्याच तुकड्याची होते. मात्र नमुना घ्यायला पुरेशी मोकळी पार्श्वभूमी त्या चौकोनात आली पाहिजे.

शेवटी फाइल आधी पीएसडीत (गिंपमध्ये एक्ससीएफमध्ये) साठवावी, आणि मगच पाठवण्यासाठी जेपीईजी वेगळी काढावी. जेपीईजीत थर मावत नाहीत. साठवताना सगळे एकाच थरात चेपले जातात, आणि ‘९’च्या खाली पुन्हा काहीच उरत नाही. वक्त्यांनी दोन दिवसांनी ‘२६ मे’ कळवले, तर उघडायची ती पीएसडी. तिच्यात ‘२’ पुसलेली जागा, पाकळीचा मास्क आणि न विरलेला ‘९’ तिन्ही जागेवर असतात. राहते ते ‘१’ पुसण्याचे काम, आणि त्यासाठीही ‘दुरुस्ती’ थराची नवी प्रत काढूनच सुरुवात करायची.