गँट तक्त्यावरून निर्णायक मार्ग आणि सवड

गँट तक्त्याच्या स्क्रीनशॉटमधून आधी प्रत्येक कामाचे दिवस आणि बाणांनी दाखवलेला क्रम टिपून घ्यावा. पट्टीत सुट्ट्या आल्या असतील तर त्या वगळाव्यात. समजा, घरदुरुस्तीत तोडफोडीला 3 दिवस लागतात. त्यानंतर वायरिंग 4 दिवस आणि नळजोडणी 2 दिवस एकाच वेळी चालते. दोन्ही संपल्यावर 5 दिवसांचा गिलावा होतो. पुढे बेरीज करताना गिलाव्याला उशिरा संपणाऱ्या वायरिंगसाठी थांबावे लागते, म्हणून दुरुस्ती 12व्या दिवशी संपते. आता शेवटाकडून वजाबाकी करावी. नळजोडणी 7व्या दिवसापर्यंत लांबली तरी चालते, पण ती 5व्या दिवशीच संपू शकते. म्हणून तिला 2 दिवसांची सवड आहे. तोडफोड, वायरिंग आणि गिलावा यांची सवड शून्य आहे. हाच निर्णायक मार्ग.