पाच वर्षांचा हिशेब अर्ध्या पानात

अनुभव प्रमाणपत्र देणे कंपनीच्या हाती असते, पण त्यात काय लिहिले जाईल हे बरेचदा मागणाऱ्याच्या अर्जावर ठरते. एचआरमध्ये ते टाइप करणाऱ्या माणसाने अर्जदाराला कधी पाहिलेलेही नसते. तो कर्मचारी क्रमांक टाकतो, जुना नमुना उघडतो, नाव आणि तारखा बदलतो आणि कागद साहेबांच्या सहीला पाठवतो. अर्जात जे नसेल ते शोधण्याच्या भानगडीत तो सहसा पडत नाही.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत गुणवत्ता तपासणीचे काम करणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. अशा अनेक कारखान्यांत अर्ज अजून मराठीतच चालतात. नोकरी सोडल्यावर तिने लिहिलेला अर्ज साधारण असा असेल :

“वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करते कि, मी आपल्या कंपनी मध्ये गेली पाच वर्षापासून क्वालिटी विभागात कार्यरत असून मी वैयक्तिक कारणामुळे राजिनामा दिले आहे. तरी मला पुढील नोकरी साठी अनुभव प्रमाणपत्राची अत्यंत गरज असून ते लवकरात लवकर देण्यात यावे हि नम्र विनंती. आपला विश्वासु,”

आधी शुद्धलेखन पाहू, कारण ते लवकर आटोपते. ‘कि’, ‘हि’ आणि ‘विश्वासु’ यांतला शेवटचा स्वर दीर्घ हवा : की, ही, विश्वासू. ‘आणि’ ऱ्हस्व असते म्हणून ‘की’ही ऱ्हस्व, असा अनेकांचा समज असतो, प्रत्यक्षात ‘आणि’ हाच अपवाद आहे. ‘राजिनामा’ नव्हे, राजीनामा. ‘कंपनी मध्ये’ आणि ‘नोकरी साठी’ हे शब्द मोबाइलवर टाइप करताना तुटतात, ते जोडून घ्यायचे. वर्षे पाच आहेत म्हणून ‘वर्षांपासून’ असा अनुस्वार लागतो आणि ‘पासून’ आले की ‘गेली’ नको.

‘मी राजीनामा दिले’ ही मात्र निष्काळजी नव्हे. कोल्हापूर-सोलापूरकडच्या बोलण्यात क्रियापद बोलणाऱ्याच्या मागे जाते. मुलगा ‘दिलो’ म्हणतो, मुलगी ‘दिले’. घरी, बाजारात ते छानच वाटते. अर्जातल्या प्रमाण मराठीत मात्र ते दिलेल्या वस्तूच्या मागे जाते : राजीनामा दिला, नोटीस दिली, पत्र दिले. शेवटचे ‘आपला’ बहुधा एखाद्या सहकाऱ्याच्या अर्जावरून उतरवताना तसेच राहून गेले आहे. तिथे ‘आपली विश्वासू’ हवे.

एवढे सुधारले तरी अर्जाचे काम होत नाही. ‘कार्यरत असून’ वाचल्यावर ती अजून नोकरीत आहे असे वाटते आणि पुढच्याच शब्दांत राजीनामा येतो. पाच वर्षे म्हणजे कुठून कुठपर्यंत, हे कुठेच नाही. मधल्या बढतीचा उल्लेख नाही. ‘लवकरात लवकर’ला तारीख नसल्याने तो कागद ट्रेमध्ये तळाला जातो. वैयक्तिक कारणाचा इथे काही उपयोग नाही, ते राजीनाम्यात लिहून झालेले आहे. ‘वरील विषयास अनुसरून’ ही तर नुसती सवय; विषय दोनच ओळी वर दिसतो आहे. औपचारिक लिहायचे म्हणजे जड लिहायचे, असे आपल्याला शाळेतल्या पत्रलेखनापासून कुणीतरी पटवून दिलेले आहे.

‘आपल्या’ हा शब्दही जरा सांभाळून वापरावा लागतो. ‘मी आपल्या विभागाचे काम पूर्ण केले’ या वाक्यात विभाग साहेबांचा की लिहिणारीचा? आदरार्थी ‘आपला’ आणि स्वतःचा ‘आपला’ एकाच अर्जात आले की घोळ होतो. ‘आपल्या’ कंपनीसाठी राखून ठेवावे आणि स्वतःसाठी ‘माझा’ लिहावे.

दुरुस्त अर्ज असा होईल :

“प्रति, मनुष्यबळ विभागप्रमुख.
विषय : अनुभव प्रमाणपत्र मिळण्याबाबत. कर्मचारी क्रमांक : ……

महोदय,
मी आपल्या कंपनीच्या गुणवत्ता विभागात दि. 3 जून 2019 ते 31 मे 2024 या काळात नोकरीस होते. माझी नेमणूक कनिष्ठ निरीक्षक या पदावर झाली होती. दि. 1 एप्रिल 2022 पासून मी वरिष्ठ निरीक्षक म्हणून काम पाहिले. राजीनामा मंजूर झाल्यावर मला दि. 31 मे 2024 रोजी कार्यमुक्त करण्यात आले.

नवीन नोकरीच्या ठिकाणी मला दि. 20 जूनपर्यंत अनुभव प्रमाणपत्र सादर करायचे आहे. कास्टिंगची मापे व पृष्ठदोष तपासणे आणि तपासणीच्या नोंदी ठेवणे हे माझे काम होते. वरील कालावधी, दोन्ही पदे आणि कामाचे स्वरूप यांचा उल्लेख असलेले प्रमाणपत्र कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, कृपया दि. 14 जूनपर्यंत द्यावे, ही विनंती.

सोबत : नेमणूकपत्र, बढतीचे पत्र व कार्यमुक्तीचे पत्र यांच्या प्रती.
आपली विश्वासू,”

खाली सही, कंपनीच्या नोंदीत आहे तसेच पूर्ण नाव, फोन आणि स्वतःचा खासगी ईमेल. कंपनीने दिलेला ईमेल बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशीच बंद होतो, म्हणून अर्जही त्यावरून पाठवू नये. लग्नानंतर नाव बदलले असेल आणि कंपनीच्या दप्तरी माहेरचेच असेल, तर दोन्ही नावे अर्जात लिहावीत. नाही तर नव्या नावाचा माणूस रेकॉर्डवर सापडत नाही, असे उत्तर येते.

या साऱ्यात सर्वांत महाग पडते ती शेवटची तारीख. हिने राजीनामा दिला 30 एप्रिलला, महिन्याची नोटीस पुरी करून ती बाहेर पडली 31 मेला. प्रमाणपत्रात राजीनाम्याची तारीख पडली तर अनुभव महिन्याने कमी होतो. शिवाय ती भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीशी जुळत नाही. बारा आकडी यूएएनखाली नोकरी लागल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते, आणि नवी कंपनी पडताळणी करताना अनेकदा तीच पाहते. म्हणून अर्ज लिहिण्याआधी पीएफच्या पोर्टलवरची नोंद उघडून पाहावी.

सरकारी भरतीसाठी प्रमाणपत्र हवे असेल, तर जाहिरात समोर ठेवूनच मागणी लिहावी. अनेक जाहिरातींत पदविका किंवा पदवी मिळाल्यानंतरचाच अनुभव धरतात, आणि कामाचे स्वरूप लिहिलेले नसेल तर वर्षे कितीही असोत, पदाशी संबंधित अनुभव सिद्ध होत नाही. काही ठिकाणी ठरावीक नमुनाच भरून मागतात. असा नमुना असेल तर तो अर्जाला जोडून द्यावा.

कंपनीवर हे बंधन आहे का, हा प्रश्न हमखास निघतो. 1946 च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याखालच्या केंद्रीय नमुना आदेशांत कायम कामगाराला सेवा संपताना सेवा प्रमाणपत्र मिळण्याचा हक्क दिलेला होता. तो कायदा आता 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत सामावला आहे. पण अशा हक्काचा आवाका नोकरीच्या नोंदीपुरता असतो. ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’, ‘वर्तन उत्तम’ हे लिहायचे की नाही, हे देणाऱ्याच्या मर्जीवर राहते. त्यामुळे पहिल्याच अर्जात कायद्याची कलमे टाकू नयेत. मुदत उलटली तर त्याच ईमेलला उत्तर देऊन आधीच्या अर्जाची तारीख नमूद करणारी दोन ओळींची आठवण पाठवावी, आणि तीही वाया गेली तरच कलमांकडे वळावे.

प्रमाणपत्र हातात पडले की तिथेच उभे राहून वाचावे. नावाचे स्पेलिंग आधारकार्डाशी ताडावे, दोन्ही पदे आली आहेत का ते पाहावे आणि सहीखाली सही करणाऱ्याचे नाव व हुद्दा आहे का तेही. चूक निघाली तर त्याच दिवशी दुरुस्ती मागावी. सही करणारा साहेबही उद्या नोकरी बदलू शकतो.