आम्लातून येणारी वीज

भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत इन्व्हर्टर आला आणि त्याच्या शेजारी ती जड, चौकोनी बॅटरीही आली. दिवे गेले की पंखा तिच्यावर फिरतो. म्हणून तिच्यात वीज भरून ठेवलेली असते, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात त्या डब्यात वीज साठवलेली नसते. तिथे असतात शिसे, शिशाचा ऑक्साइड आणि पाण्यात मिसळलेले सल्फ्युरिक आम्ल. या तिघांमध्ये एक रासायनिक क्रिया व्हायची बाकी असते.

फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लांते याने १८५९ मध्ये पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी ही बॅटरी तयार केली. रचना बदलत गेली, पण रसायन आजही तेच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा स्वतंत्र कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात दोन प्रकारच्या प्लेटा आम्लात बुडवलेल्या असतात, ऋण बाजूला सच्छिद्र शिशाच्या आणि धन बाजूला तपकिरी लेड डायऑक्साइडच्या. त्या एकमेकींना टेकू नयेत म्हणून मध्ये सच्छिद्र पडदा असतो. एका कप्प्यातून साधारण दोन व्होल्ट मिळतात.

ऋण प्लेटवरचा शिशाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो आणि आम्लातल्या सल्फेटशी जोडला जाऊन लेड सल्फेट बनतो. धन प्लेटवरच्या लेड डायऑक्साइडला नेमके दोन इलेक्ट्रॉन हवे असतात. ते मिळाले की तोही आम्लाशी क्रिया करून लेड सल्फेट बनतो आणि सोबत पाणी तयार होते. इलेक्ट्रॉन आम्लातून पलीकडे जाऊ शकत नाहीत. त्यांना बाहेरच्या तारेतूनच जावे लागते आणि त्या वाटेत इन्व्हर्टर असतो. आतल्या आम्लातून फक्त आयन सरकतात. बटण बंद केले की इलेक्ट्रॉनांची वाट तुटते आणि ही क्रिया जवळजवळ थांबते. बॅटरी दिवसेंदिवस चार्ज टिकवते ती यामुळेच.

या क्रियेत आम्ल स्वतःच खर्च होते, ही शिशाच्या बॅटरीची फार उपयोगी गोष्ट आहे. आम्ल कमी आणि पाणी जास्त झाले की द्रव हलका होतो. म्हणून बॅटरीवाला हायड्रोमीटरने द्रव ओढून तिची स्थिती वाचतो. पाण्याची घनता १००० धरली, तर पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत आकडा साधारण १२४० ते १२८० दिसतो. उतरलेल्या बॅटरीत तो ११५० च्या आसपास किंवा त्याहून खाली येतो.

चार्जिंगमध्ये सगळे उलट होते. चार्जर बाहेरून जोर लावून इलेक्ट्रॉन ऋण प्लेटकडे ढकलतो, लेड सल्फेटचे पुन्हा शिसे आणि लेड डायऑक्साइड होते, आणि सल्फेट द्रवात परत येऊन आम्ल दाट होते. क्रिया संपत आली की ढकललेल्या विजेचा काही भाग पाण्याचेच हायड्रोजन आणि ऑक्सिजन करतो. पाणी कमी होते ते प्रामुख्याने असे. म्हणूनच भरायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या पाण्यातले क्षार आणि लोह प्लेटांना बाधतात. हायड्रोजन पेट घेतो, त्यामुळे बॅटरीची जागा हवेशीर हवी आणि जवळ ज्योत नको.

आता १५० अँपिअर-तासांची बॅटरी घेऊ. हा आकडा बहुधा वीस तासांच्या हिशोबाने दिलेला असतो, म्हणजे ७.५ अँपिअर वीस तास. घरातले पंखे-दिवे मिळून ३०० वॅट घेत असतील, तर इन्व्हर्टरमधली गळती धरून बॅटरीतून तीस अँपिअरच्या आसपास प्रवाह निघतो. भागाकार पाच तास सांगतो, पण तेवढा वेळ मिळत नाही. प्लेटांच्या बारीक छिद्रांतले आम्ल भराभर संपते आणि बाहेरचे दाट आम्ल तितक्या वेगाने आत पोहोचत नाही. क्रियेला लागणारे शिसे शिल्लक असूनही व्होल्टेज पडतो. लोड काढून बॅटरीला थोडी विश्रांती दिली की आम्ल आत झिरपते आणि व्होल्टेज काहीसा वर येतो. दिवे विझल्यावर तासाभराने इन्व्हर्टर पुन्हा थोडा वेळ चालतो, त्याचे कारण हेच.

उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहणे मात्र महागात पडते. ताजे लेड सल्फेट बारीक कणांचे असते आणि सहज परत फिरते. वेळ गेला की त्याचे मोठे, कठीण स्फटिक होतात. ते विजेला दाद देत नाहीत आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. अशी बॅटरी चार्जिंगला लावली की लवकर भरल्यासारखी वाटते आणि तितक्याच लवकर उतरते.

अशा वेळी पूर्ण चार्ज करून थोडे थांबावे आणि सहाही कप्प्यांची घनता मोजून घ्यावी. पाणी भरल्याबरोबर मोजू नये, कारण ते मिसळलेले नसते आणि आकडा फसवा येतो. सहाही आकडे सारखेच कमी असतील, तर चार्जिंग अपुरे असण्याची शक्यता आधी तपासावी. पाच कप्पे १२४० दाखवत असताना एखादा ११८० वर अडकला असेल, तर दोष बहुधा त्याच कप्प्यात आहे. त्यात आम्ल ओतल्याने आकडा तेवढा वाढेल. प्लेटा मात्र तशाच राहतील.