मोठ्या डॉक्टरांकडे नेण्याचा एक कागद

आमच्या गटातल्या एका मावशींना तालुक्याच्या डॉक्टरांनी सांधेवाताच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. वय 44. जायला आठ दिवस होते. "काय होतंय?" असं विचारलं की मावशी म्हणायच्या, "सगळं अंगच दुखतं बाई, काय काय सांगू?" दुखणं खरंच होतं, पण एवढ्यावरून डॉक्टरांना काही उमगत नाही. म्हणून आम्ही दोघी-तिघी त्यांच्या ओसरीवर वही घेऊन बसलो.

आधी मावशींना मनाला येईल तसं बोलू दिलं आणि सगळं वहीत उतरवलं. त्यानंतर एकेक गोष्ट विचारत गेलो. पहिला प्रश्न होता, सुरुवात कधी झाली? तारीख कुणाच्याच लक्षात राहत नाही, सण मात्र राहतात. पोळ्याला पुरणपोळ्या लाटताना उजव्या हाताची बोटं दुखली. दिवाळीत दोन्ही मनगटं सुजली. संक्रांतीपासून चप्पल घालताना पायाचे चवडे दुखू लागले. आता होळी झाली, म्हणजे सात महिने झाले.

दुसरी गोष्ट सकाळची. मावशी म्हणाल्या, "सकाळी हात आखडतात." किती वेळ, हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं. आम्ही त्यांना पुढचे पाच दिवस घड्याळ बघायला सांगितलं. उठल्याची वेळ लिहायची आणि मूठ नीट वळून वेणी घालता आली ती वेळ लिहायची. जवळजवळ रोज दीड तास निघाला. हा आकडा फार कामाचा असतो. झिजेच्या दुखण्यात सांधे बहुधा अर्ध्या तासाच्या आत मोकळे होतात आणि काम केलं की जास्त दुखतात. आमवातासारख्या सुजेच्या दुखण्यात आखडलेपणा तासभर किंवा त्याहून जास्त राहतो आणि हालचाल केली की हलकं वाटतं. नक्की काय आहे ते डॉक्टर तपासून ठरवतील. आपल्या कागदावर "मला आमवात आहे" असं लिहायचं नाही, दीड तास लिहायचा.

सूज कुठे आहे हे शब्दांत सांगणं अवघड जातं. म्हणून हात कागदावर ठेवून पेन्सिलीने कड काढली आणि दुखतं तिथे ठिपके दिले. डॉक्टरांना भेटण्याच्या दिवशी सूज नेमकी उतरलेली असली, तरी ठिपके दिसतातच. सुजलेल्या दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवला तर आणखी बरं.

सगळ्यात जास्त वेळ औषधांना लागला. मावशींच्या डब्यात अर्धी कापलेली पाकिटं होती, त्यातल्या काहींवरचं नावच गेलेलं. शेजारणीने दिलेली, दुकानातून आणलेली, जडीबुटीवाल्याची पुडी, कमरेत घेतलेलं इंजेक्शन, सगळं लिहिलं. लाजायचं कशाला! एक बारीक पांढरी गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी सूज गायब व्हायची. पाकिटावर नाव होतं प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉईड. त्याने सूज झाकली जाते, म्हणून ती गोळी किती दिवस घेतली हे डॉक्टरांना कळायलाच हवं. पण कागद लिहिला म्हणून ती गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉईड अचानक सोडलं तर धोका होतो.

शेवटी कागद असा झाला:

"वय 44. सात महिने सांधे दुखतात, सुजतात. आधी उजव्या हाताची बोटं, मग दोन्ही मनगटं, आता पायाचे चवडे. सकाळी दीड तास आखडलेले. भाकरी थापता येत नाही, बादली उचलत नाही. तीन किलो वजन कमी झालं. प्रेडनिसोलोन 10 मिलिग्रॅम, रोज एक, दोन महिने, अजून चालू. दुखण्याची गोळी आठवड्यातून चार वेळा, पोटात जळजळ होते. बीपी, साखर नाही. मिश्री लावते. पाळी चालू आहे. आईचे हात वाकडे झाले होते."

खाली हाताचं चित्र आणि तीन प्रश्न. हे कशामुळे होतंय? औषध किती दिवस घ्यायचं, आणि काय त्रास झाला तर लगेच यायचं? शेतात काम करू का? प्रत्येक प्रश्नाखाली दोन ओळी कोऱ्या सोडल्या, उत्तर तिथेच लिहायला. मावशींचे प्रश्न नऊ होते. बाकीचे मागच्या बाजूला गेले, वेळ उरला तर विचारायला.

तरुण मुलीने पाळीची शेवटची तारीख आणि मूल हवं आहे का, हेही लिहावं. सांध्यांची काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत.

एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, तर कागद लिहीत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मावशींनी कागद केस पेपरला टाचणीने लावला आणि गोळ्यांचा डबा, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून पिशवीत भरले. सोबत सून गेली. उत्तरं लिहायचं काम तिचं.