चतुर्थीच्या आदल्या दिवशीचे मोदक

गणेश चतुर्थी २०२४ साली ७ सप्टेंबरला आली आणि २०२५ साली २७ ऑगस्टला. मिठाईच्या दुकानाची रोजची विक्री तपासून ‘काहीतरी गडबड आहे’ अशी सूचना देणारी यंत्रणा गेल्या वर्षीच्या त्याच तारखेशी तुलना करत असेल, तर ती दोनदा फसते. २६ ऑगस्टला मोदकांची प्रचंड विक्री पाहून ती उगाच ओरडते आणि ६ सप्टेंबरला विक्री कोसळली म्हणून पुन्हा ओरडते. अधिक महिना आला की तारीख उलट पुढे सरकते. २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणून चतुर्थी थेट १९ सप्टेंबरला गेली.

यावर उपाय म्हणजे दिवस सणापासून मोजायचे: चतुर्थीचा आदला दिवस, त्याच्या आदला, आणि असेच पुढेमागे. समजा, एका दुकानात एरवी रोज ४० किलो मोदक खपतात. मागच्या तीन वर्षांत चतुर्थीच्या आदल्या दिवशी विक्री त्या-त्या वर्षीच्या नेहमीच्या विक्रीच्या ५.५, ५.८ आणि ६.२ पट झाली. यांतली मधली पट घ्यावी. सरासरी घेतली, तर एखाद्या वर्षीच्या मुसळधार पावसानेही ती बिघडते. ४० गुणिले ५.८ म्हणजे २३२ किलो ही आजची अपेक्षा झाली. हाताशी तीनच वर्षं असल्याने मर्यादा सैल हवी. पाव भाग इकडेतिकडे धरला, तर १७४ ते २९० किलोपर्यंत यंत्रणेने गप्प राहावं.

आता त्या दिवशी १२० किलोच विक्री दिसली तर? नेहमीच्या तिप्पट, म्हणजे साध्या नजरेला उत्तम धंदा. पण अपेक्षेच्या हिशेबाने ती निम्मीच आहे. कदाचित एका काउंटरची बिलं मुख्य हिशेबात आलेलीच नसतील. म्हणूनच सणात सूचना सरसकट बंद ठेवण्याची सोय मला धोक्याची वाटते. सर्वाधिक उलाढालीच्या दिवशीच राखण उठते.

सणाचे दिवस ‘नेहमीच्या’ विक्रीच्या हिशेबातून मात्र वगळायलाच हवेत. ते आत राहिले, तर चढउतार इतका मोठा दिसतो की पुढचे काही आठवडे खरी घसरणही त्यात खपून जाते. त्यातच अनंत चतुर्दशीनंतर पितृपक्ष लागतो आणि खरेदी मंदावते. त्या पंधरवड्याची पटही मागच्या वर्षांवरून वेगळी काढावी लागते. ती एकाहून कमी निघाली, तरी त्यात वावगं काही नाही. संकष्टीला, विशेषतः अंगारकीला, मोदकांची मागणी वाढते, तीही पंचांगातूनच नोंदवावी.

नव्या शाखेकडे मागची वर्षंच नसतात. तिथे त्याच गावातल्या जुन्या शाखेची पट उसनी घेऊन मर्यादा आणखी सैल ठेवावी आणि पहिला गणेशोत्सव सरल्यावर तिचे स्वतःचे आकडे तिथे बसवावेत.