झटका मशीनचा ज्यूल आणि महिन्याचे युनिट: हिशोब कसा करावा

राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी या तालुक्यांत उसाच्या फडात गवे आणि रानडुकरे शिरणे नेहमीचे झाले आहे. आजरा-चंदगड भागात त्यात हत्तींची भर पडते. त्यामुळे झटका मशीनची चौकशी वाढली आहे आणि शेतकरी दोन प्रश्न हमखास विचारतात. मशीन किती ज्यूलचे घ्यावे? आणि रात्रभर चालू ठेवले तर बिल किती येईल? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच हिशोबात आहे. तो एकदा समजला की मशीन, बॅटरी आणि सौर पॅनेल यांची निवड तुम्हाला स्वतःच करता येते.

ज्यूल म्हणजे काय?

मशीनमधील कपॅसिटर काही क्षण ऊर्जा साठवतो आणि ती एका दमात तारेत सोडतो. ही ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. समजा कपॅसिटर २५ मायक्रोफॅरडचा असून तो ६०० व्होल्टपर्यंत भरतो. सूत्र असे आहे:

E = ½ × C × V²

म्हणजे ½ × ०.००००२५ × ६०० × ६०० = ४.५ ज्यूल. ही झाली साठवलेली ऊर्जा. पुढे ट्रान्सफॉर्मरमध्ये काही भाग वाया जातो आणि तारेवर साधारण ३ ज्यूल पोहोचतात. काही विक्रेते साठवलेल्या ज्यूलचा आकडा सांगतात, काही तारेवरचा. दोन मशीनची तुलना करताना ‘हा आकडा साठवलेला की बाहेर पडणारा?’ हे आधी विचारा. आपल्याला उपयोग बाहेर पडणाऱ्याचाच आहे.

दोन एकरांचा, १०० बाय ८० मीटरचा फड घेतला तर परिघ ३६० मीटर होतो आणि तीन ओळींना सुमारे १,०८० मीटर तार लागते. तारेखालचे गवत काढलेले असेल तर एवढ्याला ३ ज्यूल पुरून उरतात.

एवढ्या ज्यूलचा झटका जीवघेणा का नसतो?

३ ज्यूलचा झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आतबाहेर संपतो. त्यानंतर सेकंदभर तार शांत असते आणि तेवढ्यात जनावर किंवा माणूस मागे सरतो. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३३५-२-७६ प्रमाणे ५०० ओहमच्या भारावर एका झटक्याची ऊर्जा ५ ज्यूलच्या वर जाऊ नये, आणि दोन झटक्यांत किमान एक सेकंदाचे अंतर असावे.

आता थेट २३० व्होल्टची लाइन तारेला जोडली तर काय होते ते पाहा. तोच ५०० ओहमचा भार धरला तर ०.४६ अँपिअर प्रवाह वाहतो, म्हणजे दर सेकंदाला सुमारे १०६ ज्यूल. तो थांबतही नाही. स्नायू आखडतात, हात तारेवरून सुटत नाही आणि हृदय बंद पडते. अशा तारेने डुक्कर मरेल की पाणी पाजायला रात्री आलेला शेजारी, हे तार ठरवत नाही. म्हणून कुंपणाला थेट लाइन कधीही जोडू नका. तो गुन्हाही आहे.

महिन्याला किती युनिट?

घड्याळ लावून मशीनची टिकटिक एक मिनिट मोजा. आपल्या उदाहरणात ५० टिक धरू. एका टिकेला ४.५ ज्यूल, म्हणजे मिनिटाला २२५ ज्यूल. ६० ने भागले की ३.७५ वॅट. कपॅसिटर भरणाऱ्या भागात सुमारे ४० टक्के वाया जातात असे धरले तर आत जाणारी वीज ६.२५ वॅट होते. दिवा आणि इतर सर्किटचे पाऊण वॅट मिळवून एकूण ७ वॅट झाले.

रात्री १२ तास, महिन्याचे ३६० तास: ७ × ३६० = २,५२० वॅट-तास, म्हणजे अडीच युनिट. चोवीस तास चालवले तरी पाच युनिट. घरातला लहान एलईडी बल्ब जवळपास तेवढीच वीज घेतो.

खात्री करायची असेल तर घरच्या मीटरवर करा. बाकी सगळे बंद ठेवून फक्त मशीन सुरू करा. मीटरवर 3200 imp/kWh लिहिले असेल तर ७ वॅटला मीटरचा लाल दिवा तासात सुमारे २२ वेळा लुकलुकेल. चाळीस-पन्नास वेळा लुकलुकला तर मशीन जास्त वीज खाते आहे, किंवा घरात आणखी काही सुरू राहिले आहे.

बॅटरी आणि पॅनेल

शेतीची लाइन पाळीने येते, त्यामुळे खरा भार बॅटरीवरच पडतो. ७ वॅट १२ तास म्हणजे रात्रीला ८४ वॅट-तास, १२ व्होल्टच्या बॅटरीतून ७ अँपिअर-तास. सलग तीन रात्री ऊन न पडता काढायच्या तर २१ अँपिअर-तास लागतील. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून ती किमान ४२ अँपिअर-तासांची घ्या.

चार्जिंगमधली घट धरून पॅनेलने रोज सुमारे १२० वॅट-तास द्यायला हवेत. उन्हाळ्यात पाच तास चांगले ऊन मिळते, तेव्हा ४० वॅटचे पॅनेलही पुरते. पण जुलैत पश्चिम भागात दिवसाला दीड तासाइतकेच ऊन हाती लागले, तर तेच पॅनेल फक्त ६० वॅट-तास देते. बॅटरी रोज थोडी थोडी उतरत जाते आणि आठवड्याच्या आत एका रात्री मशीन गप्प होते. म्हणून पावसाळ्यासाठी ८० वॅटचे पॅनेल घ्या, किंवा बॅटरी अधूनमधून घरी नेऊन चार्ज करा.

युनिट तेवढेच, पण झटका गायब

अनेकांना वाटते की तारेला ओले गवत लागले की मशीन जास्त वीज खाते. साध्या मशीनमध्ये तसे होत नाही. कपॅसिटर दर वेळी तेवढाच भरतो आणि तेवढाच रिकामा होतो. ३ ज्यूल गव्याला लागण्याऐवजी गवतातून जमिनीत जातात, एवढाच फरक. टिकटिक ऐकू येते, दिवा लागतो, बिलही तेवढेच येते आणि फड मात्र उघडा राहतो.

म्हणून मीटरवरून कुंपणाची परीक्षा करू नका. कुंपणाच्या टेस्टरने मशीनपासून सर्वांत लांबच्या टोकाला व्होल्ट मोजा. ४,००० च्या वर असेल तर ठीक. ३,००० च्या खाली गेले तर आधी मशीनची तार कुंपणापासून सोडवून मशीन एकटे तपासा. मशीनवर व्होल्ट पूर्ण आले तर दोष तारेत आहे: गवत, फुटलेला इन्सुलेटर किंवा उसाची वाकलेली पाने. तारेवर व्होल्ट चांगले असूनही जनावर बिचकत नसेल तर अर्थिंग पाहा. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते आणि एकच सळई काम करत नाही. दीड मीटरच्या तीन सळया तीन-तीन मीटरवर ठोकून एकमेकींना जोडा आणि उन्हाळ्यात त्यांच्या बुडाला पाणी घालत राहा.